मदत हवी आहे: सजावटीआधीची आवराआवर, नेमका क्रम काय ठेवू?

अर्धवट_आवरलेली
कोणीतरी लवकर सांगा. शोकेस रिकामं करून बसलेय, त्यातलं सगळं सोफ्यावर आणि खाली पसरलंय, पंखे पुसायचेत, पडदे तसेच लटकतायत आणि माळ्यावरचे सजावटीचे दोन खोके मुलांनी खाली ओढून उघडले पण. एक कोपरा आवरला की दुसरा घाण होतो. आधी काय करू? आणि शोकेसमध्ये परत काय ठेवू, आधीच इतकं कोंबलेलं होतं की सजावटीला जागाच उरत नाही. "रोज थोडं थोडं करा" सांगू नका प्लीज, ती वेळ गेली.

निळीशाई
दिवस किती आहेत हातात? पूर्ण घर की फक्त हॉल? मदतीला कोण आहे?

लिंबूटिंबू
मी तर व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करते, मस्त फेस येतो आणि सगळं चकाचक होतं. फरशी, काचा, बेसिन, सगळ्याला एकच.

अर्धवट_आवरलेली
अहो क्रम विचारतेय मी. सण परवा आहे. पाहुणे हॉलमध्येच बसणार. नवरा आहे पण तो "हे टाकू का, ते टाकू का" विचारत फिरतोय.

कोपरा_आणि_केरसुणी
परवा असेल तर बाकी घर विसरा. हॉल, पाहुणे वापरतील ते बाथरूम आणि दारापासून हॉलपर्यंतची वाट, एवढंच धरा. बेडरूमचं दार लावून घ्यायचं.

आता क्रम. खोक्यांतलं सामान परत भरा आणि खोके दुसऱ्या खोलीत न्या, पण त्याआधी लायटिंगच्या माळा तेवढ्या काढून प्लग लावून बघा. बंद पडलेली माळ आज कळली तर उद्या नवी आणता येते. वायरला चीर गेली असेल किंवा आतली तार दिसत असेल तर चिकटपट्टी लावून चालवू नका, सरळ टाका. बाकीची सजावट आत्ता बाहेर राहिली तर पंख्याची सगळी धूळ तिच्यावर बसेल.

मग पडदे काढा आणि मशीनला लावा. ते आधी काढायचे म्हणजे जळमटांचा कचरा त्यांच्यावर पडत नाही, आणि तुम्ही बाकीचं आवरेपर्यंत ते वाळतात. लावायचे मात्र शेवटी.

सोफ्यावरच्या पसाऱ्याचा निकाल धूळ झाडायच्या आधी लावायचा, नाहीतर जे टाकायचंच आहे तेसुद्धा पुसत बसाल. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे तीन ढीग करा, आणि जिथे हात अडतो ते चौथ्या खोक्यात. त्यावर तारीख टाकून बंद करा, आज त्यावर चर्चा नाही. नवऱ्याला हेच काम द्या, फक्त प्रत्येक वस्तूला हो किंवा नाही एवढंच बोलायचं.

नंतर सगळं कोरडं काम वरून खाली: जळमटं, पंखा, ट्यूबलाइट, कपाटाचा वरचा भाग, मग शोकेसचे कप्पे. पंखा बंद करून, थांबल्यावर, पात्याला उशीचा जुना अभ्रा चढवायचा आणि वरून दाबत ओढायचा, धूळ आतच राहते. ओलं फडकं त्यानंतर. धुळीवर थेट ओलं फिरवलं की चिखल होऊन तो कोपऱ्यात बसतो. फरशी अगदी शेवटी.

निळीशाई
बाकी पटलं, पण फरशी दोनदा करावी लागते हो. सजावट लावताना टेपचे तुकडे, दोरे, चमकी पडतेच. म्हणून आधी नुसता केर काढा आणि पोछा सजावट झाल्यावर.

कोपरा_आणि_केरसुणी
बरोबर, पण भिंतीला काही चिकटवायचं असेल तर भिंत ओल्या फडक्याने पुसल्यावर लगेच नको, ओलसर भिंतीवर टेप धरत नाही. रात्री लावलेली माळ सकाळी खाली आलेली असते. भिंतीला कुठला रंग आहे?

अर्धवट_आवरलेली
माहीत नाही, बोट फिरवलं की पांढरी पूड लागते.

कोपरा_आणि_केरसुणी
मग डिस्टेंपर किंवा चुना असणार. ओलं फडकं लावूच नका, डाग पडतील. कोरड्या ब्रशने झाडा. डबल टेपसुद्धा नको, काढताना रंगाचा पापुद्रा निघतो आणि मुळात पुडीवर ती टिकतही नाही. माळ पडद्याच्या दांड्याला किंवा शोकेसच्या कडेला बांधा.

लिंबूटिंबू
माझ्या व्हिनेगर-सोड्यावर कोणीच बोललं नाही!

कोपरा_आणि_केरसुणी
फेस छान दिसतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास मिठाचं पाणी. वेगवेगळे वापरा. सोडा घासायला, व्हिनेगर पाण्यात मिसळून काचेला. संगमरवरावर व्हिनेगर अजिबात नको, चकाकी जाते. आणि ब्लीच टॉयलेट क्लीनरमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

लिंबूटिंबू
माझ्याकडे इतकी वर्षं निघतंय चकाचक. असो.

भटका_वाचक
जरा वेगळा प्रश्न, पुस्तकांच्या कपाटात चंदेरी रंगाचे बारीक किडे झालेत. काय करावं?

निळीशाई
दमट जागा आहे का? नवीन धागा काढा ना, इथे हरवेल.

अर्धवट_आवरलेली
शोकेसचं राहिलंच की. ट्रॉफ्या, काचेची बदकं, लग्नातल्या भेटी, फोटो, कपबशांचा सेट, मुलांच्या मातीच्या वस्तू. चार कप्पे. सासूबाई उद्या येतायत, बदकं त्यांनी दिलेली.

घरातली_जुनी
सूनबाई, बदकं ठेवा. ट्रॉफ्या काढा. आम्ही सासवा आधी तिकडेच बघतो :)

कोपरा_आणि_केरसुणी
सणाच्या वस्तू रोजच्या वस्तूंच्या *जागी* ठेवायच्या, त्यांच्यात भर घालायची नाही. सजावटीचे खोके रिकामे झाले की ट्रॉफ्या आणि कपबशा त्यांतच कागदात गुंडाळून भरा. सण झाला की उलट अदलाबदल. वेगळी जागा शोधावी लागत नाही.

तुमचे कप्पे असे लावून बघा. डोळ्यांच्या उंचीचा कप्पा सणाचा, मध्ये एक मोठी वस्तू, बाजूला दोन लहान, बस. त्याच्या खाली बदकं, सगळी एका ठिकाणी जवळजवळ, विखुरलेली नकोत. वरच्या कप्प्यात एक-दोन फोटो. सगळ्यात खालचा मुलांच्या मातीच्या वस्तूंना, पडल्या तरी उंचावरून पडणार नाहीत. प्रत्येक कप्प्याचा साधारण तिसरा हिस्सा मोकळा सोडा. मग दारात उभं राहून मोबाईलवर फोटो काढा. समोर बघताना गर्दी जाणवत नाही, फोटोत लगेच दिसते.

निळीशाई
मोकळी जागा वगैरे ठीक, पण सणाला भरलेलं घरच शोभतं असं मला वाटतं. माझं शोकेस गच्च असतं आणि पाहुणे थांबून बघतात.

घरातली_जुनी
पुसायला कोण असतं तुमच्याकडे?

अर्धवट_आवरलेली
एक माळ अर्धीच पेटते, ती टाकली. पडदे मशीनमध्ये. नवरा चौथ्या खोक्यात सगळंच टाकतोय, तिथे मर्यादा घालायची असते का?

कोपरा_आणि_केरसुणी
खोकं एकच. भरलं की एक आत घालायला एक बाहेर.