मदत हवी आहे: जाम गेटचा घाट चढल्यावर ऑइल टेम्परेचर खाली येतच नाही, गाडी बंद कधी करायची?

पोहेजलेबी
पटकन सांगा, येत्या रविवारी परत जायचंय. महेश्वरहून येताना मंडलेश्वरकडून जाम गेटचा घाट चढलो आणि वर कणसं खायला थांबलो. ऑइल 124 दाखवत होतं. टर्बो गाडी लगेच बंद करायची नसते एवढं माहीत आहे, म्हणून 90 येईपर्यंत चालूच ठेवली. दहा मिनिटं झाली तरी 115! सासूबाई कणीस संपवून परत येऊन बसल्या, मी अजून स्टिअरिंग धरूनच. शेवटी वैतागून बंद केली. काही बिघडलंय का? नक्की किती वेळ थांबायचं?

विंध्यउतार
गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? आणि हे 124 दिसलं कुठे? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ऑइलचा काटाच नसतो.

स्नेहलतागंजचे काका
रेडिएटर फ्लश करून घ्या. माझीही अशीच गरम व्हायची, थर्मोस्टॅटच काढून टाकला. सहा वर्षं झाली, काही त्रास नाही.

पोहेजलेबी
काका, गाडी गरम होत नाहीये. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध होता, जरासुद्धा हलला नाही.
विंध्यउतार, 1.2 टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडर. कंपनी सांगत नाही, इथे लगेच भांडणं लागतात. आकडा ओबीडीचा डोंगल लावून मोबाइलवर Torque मध्ये बघतो.

जुनीडिझेल
नियम सोपा आहे. चढ चढून आलात की पाच मिनिटं आयडल, मगच चावी. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी जळतं, त्याचा कोळसा होतो आणि शाफ्ट खलास. माझ्या आधीच्या गाडीला टर्बो टायमर लावला होता, चावी काढली तरी इंजिन चालू राहायचं. दोन लाख किलोमीटर, टर्बोला हात लावला नाही.

विंध्यउतार
तेल जळतं हे बरोबर आहे. टर्बाइनचं बीड तापलेलं असतं, इंजिन बंद झालं की तेल वाहायचं थांबतं आणि ती सगळी उष्णता मधल्या बेअरिंगकडे सरकते. पण पोहेजलेबी ज्याची वाट बघत होते ते टर्बोचं तापमान नव्हतंच, चेंबरमधल्या तेलाचं होतं. या दोन गोष्टींचा वेग अगदी वेगळा.

आयडलला आलात की एग्झॉस्ट खूप थंड होतो, त्यामुळे टर्बाइन मिनिट-दीड मिनिटात बरंचसं उतरतं. चेंबरमध्ये तीन-चार लिटर तेल, भोवती तापलेलं इंजिन, खालून वारा नाही. ते कसं उतरणार? शिवाय तुमच्या इंजिनात ऑइल कूलर असेल तर तो बहुधा कूलंटवरच चालतो. कूलंट स्वतःच नव्वदीच्या आसपास फिरत असताना तेल 90 वर यायला तुम्हाला तिथेच मुक्काम करावा लागेल.

मीनल_बडोदा
पावागढला माचीपर्यंत बाइक नेली की माझंही इंजिन असंच तापतं. पाणी मारलं तर चालतं का?

विंध्यउतार
नको! तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारू नका. तुमचा वेगळा धागा काढा.

पोहेजलेबी, आधी आकडा खरा आहे का ते बघा. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी नुसतं इग्निशन ऑन करा. रात्रभर उभी असेल तर ऑइल आणि कूलंट दोन्ही हवेइतकेच दिसले पाहिजेत. मग सुरू करून चालवा. कूलंट आधी चढायला हवं, ऑइल बऱ्याच मागून. दोन्ही आकडे कायम हातात हात घालून चढले तर तो ऑइलचा सेन्सर नाहीच, कुठून तरी काढलेला आकडा आहे. आणि -40 दिसलं तर घाबरू नका, याचा अर्थ डेटा येत नाही. ऑइल टेम्परेचरचा ओबीडी कोड 015C, त्याचं सूत्र A − 40 आहे. A म्हणजे गाडीने पाठवलेला आकडा, तो शून्य आला की तेच दिसणार.

पोहेजलेबी
आज सकाळी केलं. सुरुवातीला दोन्ही 24. पलासियापासून राऊपर्यंत कूलंट 90 वर जाऊन थांबलं तेव्हा ऑइल 71 होतं. म्हणजे खरा दिसतोय?
आणखी एक सांगायचं राहिलं. जाम गेटला बंद करून वीस मिनिटांनी इग्निशन लावलं तर कूलंट 108! चढताना 101 च्या वर गेलं नव्हतं. उभ्या गाडीत वाढलं कसं?

विंध्यउतार
हे आधी सांगायचं ना, भिया. आकडा खरा आहे. आणि 108 हाही आजार नाही. पंप थांबला की हेडमधली उष्णता तिथल्याच पाण्यात उतरते. सुरू केल्यावर मिनिटभरात खाली आलं का?

पोहेजलेबी
लक्ष नाही दिलं.

टॉपगिअर_ग्वाल्हेर
सरळ 20W-50 टाका. जाड तेल गरमीत पातळ होत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे तेच टाकतात.

विंध्यउतार
सगळे म्हणजे कोण? छोट्या टर्बो पेट्रोलला मॅन्युअलमध्ये असेल तोच ग्रेड. जाड तेल फिरवायलाच जास्त ताकद लागते, ते स्वतःच जास्त तापतं, आणि थंड सुरुवातीला टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. चांगलं सिंथेटिक असेल तर घाटात थोडा वेळ 125-130 मला चालतं. 135 च्या पुढे जाऊन तिथेच राहिलं तर पाय हलका करतो, एसी बंद करतो.

जुनीडिझेल
म्हणजे थांबायचंच नाही? लोकांचे टर्बो उडतील तेव्हा कळेल.

विंध्यउतार
थांबायचं, पण उगाच नाही. तुमच्या काळात बेअरिंगच्या घराला बहुतेक नुसतं तेलच मिळायचं आणि तेलही मिनरल. आता पेट्रोल टर्बोत तिथे सहसा पाणीही फिरतं.

जाम गेटची खोड वेगळी आहे. एरवी घाट संपल्यावर माणूस सपाटीवर दोन-चार किलोमीटर जातो, टर्बो आपोआप थंड होतो. इथे चढ संपतो तिथेच दरवाजा, तिथेच कणसं, आणि सगळे फुल थ्रॉटलवरून थेट हँडब्रेक ओढतात. मी असतो तर दरवाज्यापुढे महूच्या बाजूला दोनेक किलोमीटर निवांत चालवून परत फिरलो असतो. ते नको असेल तर मिनिट-दोन मिनिटं आयडल आणि बंद. स्टार्ट-स्टॉप असेल तर घाटाआधीच त्याचं बटण बंद करा.

स्नेहलतागंजचे काका
थर्मोस्टॅट काढला असता तर एवढं लिहावंच लागलं नसतं.

विंध्यउतार
काका, थर्मोस्टॅट नसल्यामुळे तुमचं इंजिन हिवाळ्यात धड गरमच होत नसेल. पेट्रोल किती पितं ते सांगा आधी.

पोहेजलेबी (पुढच्या सोमवारी)
काल जाऊन आलो. परत फिरायला सासूबाईंनी नकार दिला, त्यामुळे दरवाज्यापाशीच थांबलो. वर पोचलो तेव्हा ऑइल 126. दोन मिनिटं आयडल, मग 122 वर बंद केली. 90 चा नाद सोडला. पंचवीस मिनिटांनी इग्निशनला कूलंट 106, सुरू केल्यावर दीड मिनिटात 95. डिपस्टिकही बघितली, तेल महिन्यापूर्वीच्या खुणेलाच आहे.
फक्त एक. बंद केल्यावर बॉनेटखालून बारीक घूंऽऽ असा आवाज तीन-चार मिनिटं येत होता. पंखा फिरत नव्हता, वाकून बघितलं.

विंध्यउतार
टर्बोचं पाणी फिरवणारा वेगळा इलेक्ट्रिक पंप असू शकतो. असेल तर दोन मिनिटंही जास्तच झाली. मॅन्युअलमध्ये शोधा.

जुनीडिझेल
किंवा बॅटरी खातोय. मी तरी पाच मिनिटंच थांबणार.

मीनल_बडोदा
कणीस केवढ्याला होतं?