मदत हवी आहे : बसथांबा आणि टपरीचे रेंडर खेळण्यासारखे दिसते

अश्विनी_सोलापूर
सोलापुरातील विजापूर रोडवरच्या एका बसथांब्याचे आणि त्याला लागून असलेल्या टपरीचे रेंडर मला उद्या सकाळी द्यायचे आहे. निवारा, बाकडे, कचरापेटी, दिव्याचा खांब, कर्बस्टोन आणि पाच-सहा माणसे असे सर्व काही दृश्यात आहे, निवाऱ्याची मापे नकाशाबरहुकूम आहेत आणि प्रकाशही ठीक आहे. तरीही पाहणारा प्रत्येक जण हे कार्डबोर्डचे मॉडेल वाटते असेच म्हणतो. चित्र जोडले आहे. काय बदलावे ते कृपया लवकर सांगावे.

होटगीकर
सॉफ्टवेअर कोणते, कॅमेरा किती उंचीवर, लेन्स किती मिलिमीटरची आणि माणसे त्रिमितीय आहेत की फोटोतून कापलेली, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय उत्तर कसे द्यावे?

अश्विनी_सोलापूर
ब्लेंडर, सायकल्स. कॅमेऱ्याचा Z १.६ मीटर आणि कल अजिबात नाही. सर्व काही चौकटीत मावावे म्हणून लेन्स १८ मिमीची घेतली. माणसे पारदर्शक पार्श्वभूमीचे फोटो आहेत आणि ती मी नजरेने लहानमोठी करून बसवली आहेत. पण माझा प्रश्न माणसांविषयी नसून एकूण दृश्याविषयी आहे.

प्रकाशवेध
खरा फोटो वाटण्यासाठी पार्श्वभूमी धूसर करावी. मी प्रत्येक कामात Depth of Field चालू करून F-Stop १.२ ठेवतो आणि ग्राहक नेहमी खूश होतात.

मोजपट्टी
वरील सल्ला एखाद्या दालनातील खुर्चीच्या चित्राला चालेल, इथे मात्र तो घातक ठरेल. रस्त्यावर उभे राहून २८ मिमी लेन्सने f/८ वर सहा मीटरवर फोकस केला, तर सुमारे दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. एवढ्या अंतरावर मागचे-पुढचे धूसर दिसले की, कॅमेरा अगदी जवळून एखाद्या लहान वस्तूकडे पाहतो आहे असा डोळ्यांचा समज होतो, आणि नेमकी हीच आपली तक्रार आहे.

माणसांविषयी प्रश्न नाही असे आपण म्हणता, पण मूळ तिथेच आहे. आपले चित्र मी मोजले. कॅमेऱ्याला कल नसल्यामुळे क्षितिजरेषा चित्राच्या मध्यावर आहे आणि समतल फूटपाथवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला ती एकाच उंचीवर छेदते. आपला फूटपाथ शून्यापेक्षा १५ सेंटिमीटर वर आहे असे धरले, तर ही उंची १.४५ मीटर होते. निवाऱ्याच्या खांबाच्या तळापासून क्षितिजापर्यंत २९० पिक्सेल भरतात आणि पूर्ण खांब ५२० पिक्सेलचा आहे, म्हणजे निवारा २.६ मीटर उंच आहे. तो बरोबर आहे. त्याच खांबाशेजारची बाई मात्र २७० पिक्सेलची, म्हणजे १.३५ मीटरची आहे. कडेला उभा असलेला पिशवीवाला गृहस्थ पायापासून क्षितिजापर्यंत ४३५ आणि एकूण ५७० पिक्सेलचा आहे, म्हणजे तो १.९० मीटरचा झाला. एक शाळकरी मुलीएवढी आणि दुसरा पहिलवान, मग त्यांच्यामधला निवारा कितीही अचूक असला तरी डोळा कोणावर विश्वास ठेवणार?

दोघांनाही १.६५ मीटर करून पाहा. बाई सुमारे ३३० पिक्सेलची आणि गृहस्थ ४९५ पिक्सेलचा होईल, आणि दोघांचेही डोळे क्षितिजाच्या किंचित वर येतील. बाईला थोडी बुटकी ठेवायची असल्यास १.५२ मीटरपर्यंत आणावी, त्याखाली नको.

अश्विनी_सोलापूर
हे लगेच करते. टपरीतला बसलेला पानवालाही मग वर सरकवावा लागेल का? तो आत्ता क्षितिजाला टेकला आहे आणि बसलेला माणूस म्हणून मी त्याला खाली आणणार होते.

मोजपट्टी
त्याला हलवू नका. पानटपरीचा तळ पायांवर उचललेला असतो आणि माणूस त्यावर मांडी घालून बसतो. तळ ७० सेंटिमीटरवर असेल तर त्याचे डोळे जवळजवळ उभ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येतात. त्याला खाली आणले, तर तो जमिनीत खड्डा करून बसल्यासारखा दिसेल.

दुसरी गोष्ट कर्बची. त्या गृहस्थाच्या पायाशी कर्ब ९० पिक्सेल उंच दिसतो. तिथे एका मीटरला ३०० पिक्सेल पडतात, म्हणजे कर्ब ३० सेंटिमीटरचा झाला. रस्ता कितीवर आहे?

अश्विनी_सोलापूर
डांबराच्या थरासाठी रस्ता उणे १५ सेंटिमीटरवर ठेवला आहे.

होटगीकर
३० सेंटिमीटरचा कर्ब सोलापुरात अशक्य नाही. जुन्या रस्त्यांवर कित्येक ठिकाणी फूटपाथवर चढायला गुडघा वाकवावा लागतो. जसे आहे तसे दाखवण्यात गैर काय?

मोजपट्टी
प्रत्यक्ष जागेवर तेवढा असेल तर जरूर दाखवावा, पण मग तिथे पायरी किंवा उतार दिसला पाहिजे. हा प्रस्तावित थांबा आहे, आणि आयआरसी १०३ नुसार फूटपाथ रस्त्यापासून १५० मिमीपेक्षा उंच नसावा. म्हणून रस्ता शून्यावर आणावा. कर्बची वरची धार एक-दीड सेंटिमीटर गोल करावी. सुरीसारख्या धारेवर प्रकाशाची रेघ उमटत नाही आणि दगड कागदाची घडी वाटतो. फूटपाथवरचे झिगझॅग पेव्हर ब्लॉकही तपासा. खरा ब्लॉक साधारण २२ सेंटिमीटर लांब असतो, आणि आपल्या चित्रात बाकड्याच्या लांबीत जेमतेम तीन ब्लॉक बसले आहेत. टेक्सचर जितके मोठे, तितका देखावा लहान वाटतो.

वास्तुसेवक
माझे मत वेगळे आहे. एवढ्या उन्हात छप्पर निदान दीड मीटर बाहेर हवे आणि टपरी मुळात फूटपाथवर नकोच, चालणाऱ्यांची वाट अडते. आमच्या शहरात आम्ही निवाऱ्याच्या मागे जाळी लावून हवा खेळती ठेवली होती. आधी रचना सुधारावी, चित्राचे नंतर पाहावे.

अश्विनी_सोलापूर
रचना मंजूर झालेली आहे, माझ्या हातात केवळ चित्र आहे. लेन्सबद्दल कोणी सांगेल का? १८ सोडली तर निवारा मावत नाही.

मोजपट्टी
कॅमेरा मागे घ्यावा. आत्ता तो निवाऱ्यापासून सुमारे ४.८ मीटरवर आहे. २८ मिमीवर निवारा तेवढाच दिसण्यासाठी तो साडेसात मीटरवर न्यावा लागेल, आणि रस्त्याच्या मध्यावर तेवढी जागा मिळते. कडेची कचरापेटी जी ताणली गेली आहे, ती मग सरळ होईल. मात्र अंतरे बदलल्यामुळे माणसांची मापे पुन्हा काढावी लागतील.

प्रकाशवेध
मला हे पटत नाही. इतका हिशोब करण्यापेक्षा त्रिमितीय माणसे घेतली तर मापाचा प्रश्नच उरत नाही, उंची थेट मीटरमध्ये भरता येते.

होटगीकर
तेवढे खरे, पण तयार मिळणाऱ्या संग्रहांत नऊवारीतली किंवा टोपी-धोतरातली माणसे क्वचितच सापडतात, आणि विजापूर रोडवर ओव्हरकोट घातलेला पादचारी उभा केला तर मापे बरोबर असूनही चित्र परकेच वाटेल.

अश्विनी_सोलापूर
रस्ता, कर्ब, पेव्हर आणि माणसे बदलली. फरक मोठा आहे, कार्डबोर्डचा भास गेला. आता एकच अडचण उरली आहे : माणसांच्या सावल्या काठीसारख्या बारीक पडतात.

सावली_१७अंश
फोटोचा पृष्ठभाग कॅमेऱ्याकडे तोंड करून आहे आणि सूर्य बाजूला आहे, म्हणून कडेची सावली पडते. प्रत्येक माणसाची दुसरी प्रत करून ती पायाच्या रेषेवरच सूर्याकडे वळवावी, आणि Object Properties मधील Ray Visibility मध्ये तिचे Camera बंद करून Shadow चालू ठेवावे. मूळ प्रतीचे Shadow बंद करावे. सूर्य मे महिन्याच्या दुपारचा मात्र ठेवू नका. सोलापूर १७.७ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि मग कितीही वळवले तरी सावली पायाखालीच राहते. डिसेंबरातील सकाळी नऊची वेळ घ्यावी.

अश्विनी_सोलापूर
सावल्या जमल्या. पण बाकड्यावर बसलेल्या दोघांची दुसरी प्रत वळवली की ती बाकड्याला छेदून जाते आणि सावलीत मांडीच्या जागी भोक पडते. यावर कोणाकडे उपाय आहे का?

सावली_१७अंश
बसलेल्यांसाठी ही युक्ती नीट चालत नाही. मी त्या ठिकाणी त्रिमितीय माणूस केवळ सावलीपुरता ठेवतो, पण साडीचा घोळ त्यात येत नाही. आणखी कोणाची वेगळी पद्धत असल्यास मलाही हवी आहे.