मदत हवी आहे: ४ जणांवर ३४ टक्के रीट्राय आणि ६१ जणांवर १२ टक्के, मग नवीन एपी नक्की कुठे लावू?

तिसरा_मजला:
कॉलेजच्या इमारतीत वायफाय माझ्याकडे आहे. तिसऱ्या मजल्यावरून रोज तक्रारी. एपी-७ वर जेमतेम ४ क्लायंट, रीट्राय ३४ टक्के. खाली वाचनकक्षातल्या एपी-३ वर ६१ क्लायंट, रीट्राय १२. वरिष्ठ म्हणतात गर्दी वाचनकक्षात आहे, नवीन एपी तिथेच लावा. एकच एपी मंजूर झालाय. उद्या सांगायचंय. लवकर उत्तर द्या प्लीज.

चॅनेल_बदला:
रीट्राय म्हणजे इंटरफिअरन्स, दुसरं काही नाही. १, ६, ११ सोडून भलत्याच चॅनेलवर असणार तुमचा एपी. बदला आणि मोकळे व्हा.

जुना_वायरमन:
कुठला बँड? एपी वर्गात आहे की कॉरिडॉरमध्ये? आकडे किती वाजताचे? ते ४ जण खरंच काही वापरत होते की फोन खिशात होते? खिशातला फोन दहा मिनिटांत शे-दीडशे फ्रेम घेतो, त्यावर काढलेल्या टक्क्यांना अर्थ नसतो.

तिसरा_मजला:
अहो ५ गीगाहर्ट्झच. २.४ त्या मजल्यावर बंद आहे. एपी कॉरिडॉरमध्ये छताला, सगळे तसेच आहेत. वेळ सकाळी साडेअकरा. टक्केवारी कंट्रोलर दाखवतो ती.

जुना_वायरमन:
म्हणजे १-६-११ चा विषय संपला.
कंट्रोलरचा आकडा बऱ्याचदा एपी चालू झाल्यापासूनची सरासरी असतो. रात्रीचा रिकामा वेळही त्यात मोडतो. एपीवर लॉगिन मिळत असेल तर हे दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा चालवा आणि वजाबाकी करा:

```
iw dev wlan0 station dump | grep -E "Station|signal:|tx packets|tx retries"
```

इंटरफेसचं नाव वेगळं असेल तर बदला. आणि साडेअकराला एपी-७ च्या आजूबाजूच्या खोल्यांत तास होते का, ते वेळापत्रकात बघा.

गच्चीवाला:
माझ्याही घरी वरच्या मजल्यावर रेंज येत नाही. राउटर टीव्हीमागे आहे. एक्स्टेंडर घेऊ का?

लॉगिन_त्रास:
कॉलेजात खरा घोळ लॉगिन पानाचा असतो. प्रत्येकाला वेगाची मर्यादा घाला, सगळं सुरळीत होतं. आमच्याकडे तेच केलं.

तिसरा_मजला:
@लॉगिन_त्रास, वेगाबद्दल मी काहीच विचारलेलं नाही.

चालवलं. एका फोनचं सांगतो: tx packets ४१२०० वरून ५२६००, tx retries १४८०० वरून १८७००. signal उणे ७१. बाकीचे तिघे उणे ७० ते ७४. साडेअकराला ३०४ आणि ३०५ दोन्हीकडे तास होते, मिळून शंभरेक मुलं असतील. आता सांगा, एपी कुठे?

जुना_वायरमन:
११४०० पाकिटांमागे ३९०० रीट्राय, म्हणजे ३४ टक्केच. आकडा खरा निघाला. (एकच पाकीट अनेकदा पुन्हा जाऊ शकतं, त्यामुळे असा काढलेला आकडा कधी शंभरापुढेही जातो. दुसऱ्या कंपनीच्या एपीशी तुलना करू नका.)

आता गंमत बघा. तो signal म्हणजे एपीला फोन किती ऐकू येतो ते. उणे ७१ काही इतकं वाईट नाही. पण tx retries एपीने पाठवलेल्या फ्रेमचे आहेत. म्हणजे एपीला फोन ऐकू येतोय, फोनला एपी नीट ऐकू येत नाहीये. शिवाय शंभर मुलांतून फक्त चौघं जोडली गेली आहेत. बाकीच्यांना एपी इतका क्षीण दिसतो की फोन मोबाइल डेटावरच राहतात. ती मुलं कुठल्याच आलेखात येत नाहीत. तास सुरू झाल्यावर आजूबाजूच्या एपींवर आकडा वाढायला हवा. तो वाढत नसेल, तर भोक तिथेच.

एपी-७ ची पॉवर किती आहे? ऑटोवर आहे का?

तिसरा_मजला:
ऑटो. ८ डीबीएम दाखवतोय.

जुना_वायरमन:
मग तेच. कॉरिडॉरमध्ये सरळ रेषेत लावलेले एपी एकमेकांना खणखणीत ऐकतात. ऑटोला वाटतं इथे कव्हरेज भरपूर आहे, म्हणून तो पॉवर उतरवतो. वर्गाच्या विटांच्या भिंतीपलीकडे काय पोचतंय हे त्याला कळायला मार्ग नाही. ऑटोची खालची मर्यादा १४ ला बांधा. त्यापुढे जाऊ नका, बहुतेक फोन साधारण तेवढ्यावरच बोलतात. एपी ओरडला आणि फोनचं उत्तर पोचलं नाही तर उपयोग शून्य.

चॅनेल_बदला:
पॉवर वाढवली की शेजारच्या एपीला त्रास होणार. मी म्हणतोय तो इंटरफिअरन्स हाच! शिवाय फोनजवळ काही आवाज असेल तर तोही एपीला दिसत नाही. उणे ७१ वरून तुम्ही पॉवरच दोषी कशी ठरवलीत?

जुना_वायरमन:
ठरवलेली नाही, सर्वात संशयित आहे. पॉवर वाढवून रीट्राय हलला नाही तर तुमचं खरं. त्याच वर्गात लॅपटॉपवर वायरशार्क मॉनिटर मोडमध्ये लावून `wlan.fc.retry == 1` बघता येईल. पण आधी फुकटातला उपाय करू. आणि शेजारच्या एपीबद्दल तुमचं बरोबर आहे, तोही मोजायला हवा.

निळी_वायर:
वाचनकक्षाचं कोणीच बोललं नाही. ६१ जणांवर १२ टक्के म्हणजे तिथे सगळे एपीजवळ बसलेत आणि गर्दी असूनही गाडी चालतेय. तिथे बघायचं तर रीट्राय नको, चॅनेल किती वेळ व्यापलेला असतो ते बघा. नुसता क्लायंटचा आकडा दाखवून एपी मागणाऱ्यांना माझा विरोध आहे, मग ते कोणाचेही वरिष्ठ असोत.

तिसरा_मजला:
एपी-७ आणि त्याच्या शेजारचा एपी-८, दोघांनाही १४ ची खालची मर्यादा घातली. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच तासाला मोजलं. (वरिष्ठांकडून तेवढी मुदत मागून घेतली.) एपी-७ वर आता २१ क्लायंट, रीट्राय १८. यातल्या १५ जणांचा दहाच्या आसपास आहे. उरलेले ६ मात्र पस्तीसच्या वर, आणि त्यांचा signal उणे ७९ ते ८३. सहाही जण ३०५ च्या मागच्या बाकांवरचे, मध्ये लोखंडी कपाटांची रांग आहे. एपी-८ चा रीट्राय मात्र ११ वरून १५ झाला.

चॅनेल_बदला:
बघा, एपी-८. सांगितलं होतं.

जुना_वायरमन:
एपी-७ आणि ८ एकाच चॅनेलवर असतील तर वेगळे करा. रुंदी ८० असेल तर ४० करा, म्हणजे वेगळे चॅनेल मिळायला जागा होईल. (हो, चॅनेल. घ्या.)

त्या ६ जणांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांना एपीही ऐकू येत नाही आणि एपीला तेही ऐकू येत नाहीत. तिथे पॉवरचा उपयोग नाही. मंजूर झालेला एपी ३०५ च्या आत, कपाटांच्या पलीकडच्या बाजूला. मात्र लावल्यावर एक-दोन आठवडे क्लायंट वाढतील. आज जोडलीच जात नसलेली मुलं तेव्हा मोजली जातील, त्यामुळे सरासरी रीट्राय वाढलेला दिसला तर लगेच नापास करू नका. प्रत्येक क्लायंटचा वेगळा बघा.

तिसरा_मजला:
३०५ मध्ये केबलच गेलेली नाही. भिंतीला भोक पाडायची परवानगी वेगळी घ्यावी लागेल. कपाटंच हलवली तर?

निळी_वायर:
कपाटं हलवून त्या सहा जणांचा signal मोजायला एक तास पुरे. आधी तेवढं करा, मग परवानगीचा अर्ज.