मदत हवी आहे: पांढऱ्या मिनरलांचा टेबल जुळत नाहीये, ७ नंबर कॅल्साइट की स्टिल्बाइट?

केळीबागेतली:
नमस्कार मंडळी, एफवायला जिऑलॉजी घेतलंय आणि सोमवारी प्रॅक्टिकल आहे. ट्रेमध्ये १२ सॅम्पल आहेत, सरांनी सांगितलं समरी टेबल स्वतःच बनवा. खडकांचं जमलं, बेसाल्ट तर आमच्या बांधावरच पडलेला असतो, पण पांढरी मिनरलं सगळी एकसारखीच दिसतायत. रंग पांढरा, स्ट्रीक पांढरी, मग त्या दोन कॉलमचा उपयोग काय? ४ नंबरने काच ओरखडली, फुटलेला भाग काचेसारखा गोलसर, म्हणून क्वार्ट्झ लिहिलं. ७ नंबरवर पातळ ॲसिड टाकलं तर फसफसलं, म्हणून कॅल्साइट, पण मैत्रीण म्हणते हा स्टिल्बाइट, सावद्याच्या खाणीकडचा, कारण त्याचे पापुद्रे निघतात आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकतात. पुस्तकात तांब्याच्या नाण्याची कठिणता ३ दिलीये, मी २ रुपयाचं नाणं घासलं तर चरा पडला, म्हणजे ३ पेक्षा मऊ धरू का? आणि रॉक सायकलच्या टेबलात स्टिल्बाइटसारखं झिओलाइट कुठे लिहायचं?

डोंगरदऱ्या:
फसफसलं म्हणजे कॅल्साइट, विषय संपला. झिओलाइट ॲसिडला बुडबुडे देत नाही. आणि झिओलाइट मेटामॉर्फिकमध्ये लिही, झिओलाइट फेसीज म्हणून आहेच ना.

साक्रीकर:
मनाकडे बी असाच दगड शे! मागच्या उन्हाळ्यात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोटात पोकळी लागली, आत पांढरे चकचकीत स्फटिक. एक माणूस म्हणे हजारात जातात. कोणी सांगेल का भाव काय?

बेसाल्टभो:
साक्रीकर भाऊ, फोटो वेगळ्या धाग्यात टाका, इथे पोरीची परीक्षा आहे.

ताई, नाण्याचं आधी सोड. तुझं नाणं तांब्याचं नाही, स्टीलचं आहे, ते कॅल्साइटवरही चरा पाडेल अन् स्टिल्बाइटवरही, त्यावरून ३ च्या खाली म्हणता येत नाही. वायरमनकडून तांब्याच्या तारेचा तुकडा घे. पण कॅल्साइट ३ आणि स्टिल्बाइट साडेतीन ते चार, एवढ्या जवळच्या आकड्यांत तारही गोंधळ करेल, म्हणून कठिणतेवर निकाल लावू नको. आणि चरा पडला की बोटाने पुसून बघ, कधी कधी घासणाऱ्या वस्तूचीच पूड लागलेली असते, चरा नसतोच.

आता मुख्य मुद्दा, फसफस *कुठून* आली? बेसाल्टच्या पोकळीत झिओलाइट आणि कॅल्साइट शेजारी-शेजारी बसलेले असतात, स्टिल्बाइटवर कॅल्साइटचा पातळ थर असला किंवा भेगेत भरलेला असला तरी थेंब टाकल्यावर फसफसतंच. डोंगरदऱ्या म्हणतात ते खरंय की झिओलाइट स्वतः बुडबुडे देत नाही, पण सॅम्पल फसफसलं म्हणजे अख्खं सॅम्पल कॅल्साइट असं होत नाही. सरांना विचारून एका कोपऱ्याचा छोटा टवका काढ, ताज्या तुटलेल्या बाजूवर एकच थेंब टाक आणि लेन्समधून बघ. मग तुटण्याची दिशा बघ. कॅल्साइट तीन दिशांनी फुटतो, तुकडा कललेल्या पेटीसारखा, कोपरे काटकोनात नसतात. स्टिल्बाइट एकाच दिशेने पापुद्रे देतो आणि त्याच बाजूला मोत्यासारखी चमक असते. तुझी मैत्रीण नेमकं तेच बघतेय.

स्ट्रीकचा कॉलम खोडू नको, हेमॅटाइटची लाल आणि मॅग्नेटाइटची काळी असते, ते दोघे तिच्यावरूनच ओळखता येतात. फक्त पांढऱ्यांसाठी तिच्याकडून काही मागू नको.

केळीबागेतली:
आत्ताच लॅबमधून आले. ताज्या बाजूवर थेंब टाकला तर काहीच नाही!! थेंब तसाच बसून राहिला, आणि बाजूला जी पिवळसर रेघ होती तिथे पोचला की बुडबुडे सुरू. पापुद्रे एकाच दिशेने. म्हणजे स्टिल्बाइट लिहू?

बेसाल्टभो:
स्फटिकाचा आकार दिसतोय का? मधे आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा असेल तर बिनधास्त स्टिल्बाइट. पण तुटका तुकडा असेल तर ह्यूलंडाइटही एकाच दिशेने फुटतो, चमकही तशीच, कठिणताही तीच. हातात धरून त्यांच्यात फरक सांगणं मला तरी जमत नाही. "झिओलाइट, बहुधा स्टिल्बाइट, भेगेत कॅल्साइट" असं लिही आणि ॲसिडच्या कॉलममध्ये थेंब कुठे टाकला तेही लिही.

डोंगरदऱ्या:
मान्य, भेगेचं डोक्यात नव्हतं. पण रॉक सायकलचं काय?

बेसाल्टभो:
मी टेबलात इग्नियसच्या रांगेत बेसाल्ट लिहून शेजारी "पोकळीत नंतर गरम पाण्यातून जमलेलं" असं लिहितो. लाव्हा थिजला तेव्हा गॅसचे बुडबुडे तसेच राहिले आणि ते पुढे भरले, म्हणजे ते लाव्हातून थिजलेलं मिनरल नाही. आता याला हायड्रोथर्मल म्हणायचं की खूप कमी तापमानाचं मेटामॉर्फिझम, यावर आमच्या डिपार्टमेंटलाच दोन मतं होती. तुमच्या सरांचं कोणतं ते आधी विचार.

केळीबागेतली:
सर गावी गेलेत, सोमवारी सकाळीच भेटतील. तोवर दोन्ही पेन्सिलने लिहून ठेवते. ९ नंबर बाकी आहे, काच ओरखडतो पण बाजू सपाट आहेत.

बेसाल्टभो:
सपाट बाजू तुटून झाली की तशीच वाढली, ते बघ. टवक्यावर परत तशाच दोन सपाट बाजू जवळपास काटकोनात निघाल्या तर फेल्डस्पार. नाही निघाल्या तर तोही बहुधा क्वार्ट्झच.

साक्रीकर:
भाऊ, फोटो टाकलाय वेगळ्या धाग्यात. बघा ना जरा.