मदत हवी आहे: ताईच्या भाषणातले आभार

माझी ताई कीटकशास्त्रज्ञ. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीवरच्या कामासाठी रविवारी कोल्हापुरात तिला पुरस्कार आहे, बोलायला तीन मिनिटं. मसुद्यातलं निम्मं भाषण ‘सर्वांची ऋणी आहे’ यातच संपत होतं. ते काढून मी करवीरच्या त्या शेतकऱ्याचे आभार ठेवले, ज्याने तुलनेसाठी अर्धा एकर ऊस औषधाविना सोडला आणि नुकसान सोसलं. पुढे एकच निरोप: वळीव पडला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा अख्ख्या गावाने मिळून गोळा करा. एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या रानातले उडून येतात.

अडलंय मार्गदर्शक सरांपाशी. नुसतं नाव कोरडं वाटतं. त्यांनी नेमकं काय केलं विचारलं, तर ताई म्हणते, “सगळंच!” तिच्याकडून एखादा प्रसंग काढायला काय विचारू?