मदत हवी आहे: ऑफर नाकारणारा मेल

मागच्या आठवड्यात मी एका कंपनीची ऑफर सही करून स्वीकारली. आज दुसरीकडूनही ऑफर लेटर आलं, उत्तराची मुदत शुक्रवारपर्यंत. निर्णय पक्का आहे, पगाराची घासाघीस करायची नाही. पण तिथल्या मॅनेजर मॅडमनी तिसऱ्या फेरीत तासभर माझा कोड ओळीओळीने समजावून घेतला होता, म्हणून एचआरला नुसता फोन करणं पटत नाही.

मसुदा असा: "ऑफरबद्दल मनापासून आभार. मी दुसरी संधी स्वीकारली आहे, त्यामुळे रुजू होऊ शकणार नाही. त्या तासाभरात खूप शिकलो. पुढे योग आला तर तुमच्या टीममध्ये काम करायला आवडेल."

जिची ऑफर स्वीकारली त्या कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय. मेल एचआरला पाठवून मॅडमना सीसीमध्ये ठेवू, की त्यांना वेगळा लिहू?