मदत हवी आहे: बाँडमधून काढलेल्या कच्च्या मालावर भरलेली ड्युटी ड्रॉबॅकमध्ये पूर्ण का मिळत नाही?

रबाळे_मोल्डिंग

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत माझं छोटं इंजेक्शन मोल्डिंग युनिट आहे. पॉलिकार्बोनेटचे दाणे तैवानहून आणतो आणि मीटरची कव्हरं बनवतो. साधारण एक तृतीयांश माल बाहेर जातो, बाकीचा इथेच विकतो.

या वेळी 20 टन एकदम मागवले. सगळी ड्युटी एकदम भरायला पैसे नव्हते, म्हणून माझ्या कस्टम एजंटच्या, म्हणजे सीएचएच्या, सांगण्यावरून माल न्हावाशेवाहून थेट पब्लिक बाँडेड गोडाऊनमध्ये टाकला आणि पाच-पाच टन ड्युटी भरून बाहेर, म्हणजे एक्स-बाँड करून, काढतोय. एकूण किंमत 40 लाख. बेसिक ड्युटी साडेसात टक्के म्हणजे 3 लाख, त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज 30 हजार, आणि आयजीएसटी 7,79,400.

पहिली एक्स्पोर्ट खेप तीन आठवड्यांपूर्वी गेली. एफओबी 18 लाख, त्यात 4 टन दाणे लागले. शिपिंग बिलात सीएचएने ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवर परत मिळणारी ड्युटी, टाकला तो एफओबीच्या दीड टक्का, म्हणजे 27 हजार. मी भरलेली ड्युटी त्याहून कितीतरी जास्त आहे. सीएचए म्हणतो, "तुमच्या वस्तूचा दरच एवढा आहे, सरकारी यादीत बघा." यादी बघितली, त्याचं म्हणणं खरं आहे. मग बाकीचे पैसे गेलेच का? पुढची खेप दहा दिवसांत निघतेय, म्हणून घाईने विचारतोय.

सुधीर_ठाणे

यादीतला दर कमी असेल तर काळजी करू नका. भरलेली सगळी ड्युटी परत मिळते, आयजीएसटीसकट. बेलापूरच्या जीएसटी ऑफिसला अर्ज द्यायचा, ते ब्रँड रेट, म्हणजे खऱ्या भरलेल्या ड्युटीवरून फक्त तुमच्या मालाचा दर, ठरवून देतात. आमच्या वागळे इस्टेटच्या कंपनीने पूर्वी असंच केलं होतं.

मीनल_खारघर

माझाही असाच प्रश्न आहे. चीनहून आलेल्या मोटर्समध्ये 60 नग सदोष निघाले, सप्लायर परत घ्यायला तयार आहे. ड्युटी भरून झालीये. मला किती ड्रॉबॅक मिळेल?

उरण_डॉक्युमेंटेशन

मीनलताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही आणलेला माल जसाच्या तसा परत पाठवताय, तो कस्टम कायद्याच्या कलम 74 चा विषय. वापरलेला नसेल आणि ड्युटी भरल्यापासून दोन वर्षांच्या आत परत जात असेल, तर भरलेल्या आयात ड्युटीच्या 98 टक्के मिळतात. पण आलेला नग आणि परत जाणारा नग तोच आहे हे कस्टमला पटवावं लागतं. सिरियल नंबर बिल ऑफ एंट्रीशी जुळत नसतील तर अडकाल. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, नाहीतर इथे गोंधळ होईल.

आता रबाळेदादांकडे वळतो. माझी 19 वर्षं न्हावाशेवाच्या कागदपत्रांत गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुधीररावांचं निम्मं बरोबर आहे. ब्रँड रेट आहे आणि तुम्हाला तोच हवा. पण दोन गोष्टी दुरुस्त करतो. जीएसटी आल्यापासून आयजीएसटी ड्रॉबॅकमध्ये येत नाही. त्याचं तुम्ही इनपुट क्रेडिट घेता, आणि एलयूटीवर, म्हणजे आयजीएसटी न भरता हमीपत्रावर, एक्स्पोर्ट करत असाल तर साचलेल्या क्रेडिटचा रिफंड जीएसटीकडे मागता. ड्रॉबॅकमध्ये फक्त बेसिक आणि त्यावरचा सरचार्ज धरा. आणि अर्ज बेलापूरला नाही. पूर्वी हे काम सेंट्रल एक्साइजकडे होतं, 2017 च्या ड्रॉबॅक नियमांपासून ते माल जिथून निर्यात होतो तिथल्या कस्टम कमिशनरकडे गेलं. तुमच्या बाबतीत न्हावाशेवाचं जवाहर कस्टम हाउस.

आता तुमचे आकडे. 20 टनांवर बेसिक आणि सरचार्ज मिळून 3,30,000, म्हणजे किलोला साडेसोळा रुपये. खेपेत 4,000 किलो लागले, तर 66,000 रुपये ड्युटी त्या मालात गेली. यादीच्या दराने मिळतात 27,000. नियम 7 म्हणतो की यादीचा दर भरलेल्या ड्युटीच्या 80 टक्क्यांहून कमी पडत असेल तर ब्रँड रेट मागता येतो. तुमचा 41 टक्क्यांवर येतो, म्हणजे तुम्ही सहज पात्र आहात.

पण मेख इथे आहे. त्याच नियमात लिहिलंय की यादीच्या दराने ड्रॉबॅक मागितलेला असेल तर नियम 7 लागत नाही. म्हणजे निवड शिपिंग बिल भरतानाच होते, पैसे हातात आल्यावर नाही. पुढच्या खेपेला सीएचएला आधीच सांगा, ड्रॉबॅकच्या रकान्यात यादीचा नंबर टाकू नको, ब्रँड रेटचा क्लेम दाखव. सवयीने यादीचा नंबर पडतो, कारण सिस्टम तो लगेच स्वीकारते आणि पैसे काही दिवसांत खात्यात येतात. ब्रँड रेटला अर्ज, तपासणी, पत्रव्यवहार असतो, म्हणून बरेच जण टाळतात. माल बाहेर न्यायची कस्टमची परवानगी, म्हणजे लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करा.

रबाळे_मोल्डिंग

सर, खूप आभार. पहिल्या खेपेचं काय? पैसे अजून खात्यात आलेले नाहीत.

उरण_डॉक्युमेंटेशन

पैसे आले नसले तरी क्लेम गेलेला आहे. कलम 149 खाली शिपिंग बिल दुरुस्त करायचा अर्ज देता येतो, पण त्यात निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांवरून तुमचं म्हणणं सिद्ध व्हावं लागतं. मी दोन प्रकरणांत केला, दोन्ही नामंजूर झाले.

तळोजा_केमिकल्स

सर, माफ करा, पण आमचा एक मंजूर झाला होता. अर्ज पैसे जमा व्हायच्या आधीच दिला होता आणि सोबत एक्स-बाँड चलन, बॅच शीट, सगळं त्या तारखांचं होतं. त्यामुळे रबाळेदादांनी उद्याच अर्ज द्यावा असं मला वाटतं. थांबण्यात काहीच फायदा नाही.

उरण_डॉक्युमेंटेशन

द्यावाच. मंजूर होईल असं मी म्हणणार नाही, एवढंच.

सुधीर_ठाणे

दुरुस्तीबद्दल धन्यवाद, माझी माहिती जुनी होती. एक मात्र नक्की सांगतो, एक्स-बाँड ज्या दिवशी करता त्या दिवसाचा दर लागतो, ड्युटीचाही आणि डॉलरचाही. डॉलर वाढत असेल तर लवकर काढा.

उरण_डॉक्युमेंटेशन

ड्युटीचा दर एक्स-बाँडच्या दिवसाचा, हे बरोबर. डॉलरचा मात्र माल बाँडमध्ये टाकताना जी पहिली बिल ऑफ एंट्री भरली, तिच्या दिवसाचा. म्हणून डॉलर वर गेला म्हणून घाई करायची गरज नाही. बजेटच्या आसपास मात्र ड्युटीचा दर बदलू शकतो, ते बघा. यामुळेच प्रत्येक एक्स-बाँड लॉटची किलोमागची ड्युटी वेगळी लिहून ठेवा. ब्रँड रेटमध्ये तुम्ही सरासरी नाही, खरी भरलेली ड्युटी सिद्ध करता.

घाई करायची ती व्याजासाठी. बाँडमध्ये माल टाकायची ऑर्डर झाल्यापासून 90 दिवस बिनव्याजी, त्यानंतर वर्षाला 15 टक्के. आणि ते व्याज बेसिकवरच नाही, आयजीएसटी धरून एकूण ड्युटीवर लागतं. तुमचा शेवटचा पाच टनांचा लॉट 90 दिवसांनंतर आणखी 60 दिवस राहिला असं समजा. त्या लॉटची एकूण ड्युटी 2,77,350, त्यावर 60 दिवसांचं व्याज होतं सुमारे 6,840 रुपये. हे व्याज ड्युटी नाही, त्यामुळे ड्रॉबॅकमध्ये परत येत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही. गोडाऊनचं भाडं वर. म्हणून मी माझ्या लोकांना सांगतो, एक्स्पोर्टचे लॉट आधी काढा असं नाही, तर कोणताच लॉट 90 दिवसांपलीकडे जाणार नाही असं मागणीचं गणित आधी मांडा.

तळोजा_केमिकल्स

मला तर वाटतं फॅक्टरीच बाँडेड करून घ्या. आम्ही कलम 65 खाली घेतलं, बाँडेड जागेतच उत्पादन करू देणारे 2019 चे मूवर नियम. ड्युटी भरायचीच नाही, तर ड्रॉबॅकची कटकट कशाला? 90 दिवसांचं व्याजही नाही. इथे विकलेल्या मालाच्या कच्च्या मालाची ड्युटी तेवढी विकताना भरायची, तीही बिनव्याजी.

उरण_डॉक्युमेंटेशन

तुमच्यासाठी ते योग्य असेल, तुमचं बहुतेक उत्पादन निर्यातीचं आहे. पण रबाळेदादा, निर्णय घेण्याआधी एक गोष्ट तपासा. कलम 65 च्या जागेत अंशतः जरी बनलेला माल असला तरी त्याला यादीचा ड्रॉबॅक मिळत नाही, आणि रोडटेप, म्हणजे निर्यातीच्या मालावरच्या इतर करांची भरपाई, तीही मिळत नाही. म्हणजे ज्या वस्तूत आयातीचा दाणाच नाही, ती त्याच छपराखाली बनली तर तिच्यावरचंही जातं. जमा-खर्चाची नोंदवही रोज हवी, जागेची परवानगी हवी. तुमचा निर्यातीचा भाग एक तृतीयांश आहे, तर मी आधी अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनचं गणित करेन. परदेश व्यापाराचं सरकारी खातं, म्हणजे डीजीएफटी, त्यांच्या परवान्यावर निर्यातीपुरताच दाणा बिनड्युटी, आयजीएसटीही नाही. पण किमान 15 टक्के मूल्यवर्धन दाखवावं लागतं आणि 18 महिन्यांत निर्यात पूर्ण करावी लागते. पुढच्या मालासाठी. हातातल्या 20 टनांसाठी ब्रँड रेटच.

रबाळे_मोल्डिंग

अजून एक, सर. 4,000 किलोतले तयार कव्हरांत 3,600 गेले. उरलेले 400 स्प्रू-रनर, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठून उरणारं प्लास्टिक. त्यातले 300 किलो आम्ही भंगारवाल्याला विकतो, 100 जळून किंवा मशीन साफ करताना जातात. हे सगळं धरून मागायचं का?

उरण_डॉक्युमेंटेशन

चांगलं विचारलंत, इथेच तपासणीत लोक पकडले जातात. ब्रँड रेटच्या अर्जातल्या डीबीके-वन तक्त्यात वाया जाणारा आणि परत मिळणारा भाग वेगळा लिहायचा असतो. 100 किलो वाया गेले ते खर्चात धरा. विकलेल्या 300 किलोंचं मी स्वतः पूर्ण वजा करतो: 300 गुणिले साडेसोळा म्हणजे 4,950. उरतात 61,050. तरी यादीच्या 27,000 पेक्षा 34,050 जास्त. काही जण भंगाराच्या विक्रीच्या किमतीपुरतंच वजा करतात, त्यांचे अर्ज मंजूरही झालेत, पण प्रश्न येतात आणि वेळ जातो.

तुमच्या मोल्डचं शॉट वजन, म्हणजे एका वेळी साच्यात जाणारं प्लास्टिक, आणि रनरचं वजन मशीनच्या नोंदीत आहे ना? ते रोजच्या प्रॉडक्शन शीटवर लिहा. भंगारवाल्याच्या बिलांची बेरीज आणि तक्त्यातले 300 किलो जुळले नाहीत, तर अधिकारी आधी तिथेच बोट ठेवतो.

मीनल_खारघर

वेगळा धागा काढला आहे. सिरियल नंबर सगळे जुळतात, बघून सांगाल का सर?

रबाळे_मोल्डिंग

सर, तळोजादादा, दोघांचे मनापासून आभार. आज सीएचएशी बोललो. पुढच्या शिपिंग बिलात ब्रँड रेटचा क्लेम घालायचं त्याने मान्य केलं. त्याला ही पद्धत माहीत होती, पण विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नव्हतं, ते मला लागलं. पहिल्या खेपेच्या दुरुस्तीचा अर्ज एक्स-बाँड चलन आणि बॅच शीटसकट उद्या देतोय. काय होतं ते इथे लिहीन.

शॉट वजनाची नोंद मात्र आमच्याकडे गेल्या महिन्यापासूनचीच आहे. पहिल्या पाच टनांतलं पहिलं दीड टन त्याआधी वापरलं गेलं. तेवढ्या मालाची नोंद भंगारवाल्याच्या बिलांवरून मागे जाऊन मांडली तर चालेल का?

तळोजा_केमिकल्स

मागच्या तारखेची शीट नव्याने लिहू नका, पकडली गेली तर सगळाच अर्ज जाईल. बिलं आणि त्या दिवसांच्या तयार मालाची मोजणी जोडा, बाकी सरांना विचारा.

उरण_डॉक्युमेंटेशन

तळोजाकरांशी पूर्ण सहमत. दीड टनाचा हिशेब तयार कव्हरांची संख्या आणि एका कव्हराचं वजन यावरून मांडा आणि तसं स्पष्ट लिहून द्या. ते मान्य होईल की तेवढा भाग कापतील, हे अधिकाऱ्यावर आहे. बाँड गोडाऊनच्या डिलिव्हरीच्या तारखा मात्र हाताशी ठेवा, तो दीड टन कधी फॅक्टरीत आला याचा तोच पहिला कागद.